पाचव्या परिच्छेदातलं बियाणं

मंठा तालुक्यातल्या चारशे बारा शेतकऱ्यांनी मिळून सहा वर्षांपूर्वी पूर्णाकाठ शेतकरी उत्पादक कंपनी काढली. कंपनी म्हणजे गावाबाहेरचं एक पत्र्याचं गोदाम, त्याला लागून दोन खोल्यांचं ऑफिस, बियाणं चाळायचं एक यंत्र आणि दारात लिंबाचं झाड. सभासद सोयाबीनचं बियाणं पिकवायचे, कंपनी ते चाळून, तपासून, पिशव्यांत भरून विकायची. अध्यक्ष होते साहेबराव घारे, पंचावन्न वर्षांचे, शब्दाला वजन असलेले. रोजचा कारभार वंदना पाहायची. ती परभणीला कृषीची पदवी घेऊन आली होती आणि तीन वर्षांपासून इथे व्यवस्थापक होती.

मे महिना संपत आला होता. त्या सकाळी शालूनं वंदनाच्या टेबलावर एक कागद आणून ठेवला. शालू गोदामात उगवण चाचण्या घ्यायची. ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत शंभर शंभर दाणे ठेवायचे, आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि धड कोंब किती ते मोजायचे, असं तिचं काम. मार्चमध्ये सगळे लॉट पास झाले होते. पण एप्रिलमध्ये काही थप्प्या पत्र्याला लागून राहून तापल्या, म्हणून वंदनानं त्यानंतर प्रत्येक लॉटमधून काढून ठेवलेल्या नमुन्यांची परत चाचणी करायला लावली होती. अडतीस लॉट. सदतीस ठीक होते. एकासमोर शालूनं लाल पेननं गोल केला होता. उगवण ५४ टक्के. सोयाबीनला किमान ७० लागते.

"परत घेतलीस?" वंदनानं विचारलं.

"दोनदा घेतली ताई. चार-चार गुंडाळ्या. तेवढीच येऊन राह्यली."

त्या लॉटच्या तीनशे चाळीस पिशव्या विकून झाल्या होत्या.

वंदनानं साहेबरावांना फोन केला आणि अकरा वाजता संचालकांची बैठक बसली. बैठकीत फार वाद झाला नाही. लोक शेतकरीच होते. चोपन्न टक्के म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. ठराव झाला: त्या लॉटच्या पिशव्या परत घ्यायच्या, बदल्यात दुसऱ्या लॉटची पिशवी द्यायची, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ज्यांचे नंबर बिलबुकात आहेत त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन लावायचे. पण दीडशेच्या वर पिशव्या दुकानांतून गेल्या होत्या, त्यातल्या चाळीस पार तीर्थपुरीच्या एका दुकानातून. तिथल्या बिलावर नुसतं नाव, फोन नाही. त्या लोकांपर्यंत पोचायचं तर पेपरात बातमी यायला हवी होती. पेरणीला दोन आठवडे राहिले होते.

"प्रेसनोट गुरुजी लिहितील," साहेबराव म्हणाले.

यात विचारण्यासारखं काही नव्हतं. भागवत गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी शिकवून निवृत्त झालेले. कंपनीचे संचालक, आणि बैठकीचं इतिवृत्तही तेच लिहायचे. तालुक्यात कुठेही सप्ताह असो, सत्कार असो की शोकसभा, पेपरला जाणारा मजकूर त्यांच्याच हातचा असायचा. अक्षर छापल्यासारखं. बैठक एक वाजता संपली आणि अडीच वाजता प्रेसनोट तयार होती. शालूनं ती टाइप केली. मथळा असा होता:

'शेतकरीहितासाठी सदैव कटिबद्ध असलेल्या पूर्णाकाठ कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक उत्साहात संपन्न'

पहिला परिच्छेद तारीख, स्थळ आणि अध्यक्षस्थान यांचा. दुसऱ्यात उपस्थितांची सतरा नावं, उपाध्यक्षांपासून सुरू होऊन. तिसऱ्यात अध्यक्षांचं मनोगत: बियाणं हा शेतीचा आत्मा आहे. चौथ्यात कंपनीची सहा वर्षांची वाटचाल. पाचव्या परिच्छेदाच्या मध्यावर लिहिलं होतं: 'तसेच गुणवत्तेशी कदापि तडजोड न करण्याच्या कंपनीच्या धोरणास अनुसरून काही पिशव्यांतील बियाण्याची उगवणशक्ती अपेक्षेपेक्षा किंचित कमी आढळल्याने सदर पिशव्या बदलून देण्याबाबत सकारात्मक निर्णय घेण्यात आला.' शेवटी आभार प्रदर्शन.

वंदनानं नोट वरवर वाचली. तिच्या डोक्यात बदलीच्या पिशव्या कुठून काढायच्या हा हिशेब चालू होता. तालुक्यातल्या पत्रकारांच्या ग्रुपवर तिनं नोट टाकून दिली.

पंधरा मिनिटांनी हरिओमचा फोन आला. हरिओम एका जिल्हा दैनिकाचा मंठ्याचा वार्ताहर होता. स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि बातम्या तो गिऱ्हाइकं सांभाळत मोबाइलवरच टाइप करायचा.

"ताई, बैठकीची बातमी पाठवली तुम्ही."

"हो. उद्या येईल ना?"

"येईल. पण चार ओळी येईल. आमच्या डेस्कवर अशा नोटा रोज पन्नास येऊन राह्यल्या. ते लोक वरून वाचतात अन् खालून कापतात. बैठक झाली, अमुक अध्यक्ष होते, तमुक हजर होते. संपलं."

वंदनानं नोट परत उघडली.

"मला एक सांगा," हरिओम म्हणाला. "ते पाचव्या पॅराग्राफमधी 'काही पिशव्या' लिहेल आहे. काही म्हंजे कोणत्या?"

"एक लॉट आहे. तीनशे चाळीस पिशव्या."

"अन् उगवण किंचित कमी म्हंजे?"

"चोपन्न."

पलीकडे झेरॉक्स मशीनचा आवाज येत राहिला. मग हरिओम म्हणाला, "ताई, माझ्या मामानं तुमच्याच आठ पिशव्या नेल्या. मी ही नोट पूर्ण वाचली तरी मला कळलं न्हाई, त्यानं पेरायचं का न्हाई. जे सांगायचं ते वर घ्या. मथळ्यात घ्या. साडेपाचच्या आत मला द्या, मंग मी जालन्याला फोन करून बोलतो. सहाच्या नंतर पान लागून जातं."

घड्याळात सव्वातीन झाले होते.

गुरुजी बाहेर लिंबाखाली चहा घेत बसले होते. वंदना त्यांच्यासमोर जाऊन बसली. तिला या माणसाबद्दल आदर होता. तिच्या पहिल्या वर्षी, गावातले लोक पोरगी काय कंपनी चालवणार म्हणत होते, तेव्हा गुरुजींनी तिची बाजू घेतली होती. ती थोडं अडखळत म्हणाली, "गुरुजी, नोट जरा बदलावी लागेल."

"शुद्धलेखन राहिलं का कुठं?"

"शुद्धलेखन नाही. बातमी खाली राहिलीय."

तिनं हरिओमचं बोलणं सांगितलं. गुरुजींनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, पण मान किंचित ताठ झाली.

"लेखनाला काही क्रम असतो वंदना. आधी प्रसंग, मग माणसं, मग विषय. आल्या आल्या कुणी ओरडत नाही, की तुमचं बियाणं खराब आहे म्हणून."

"पत्रात नाही ओरडत. पण पेपर उघडणारा माणूस वरच्या दोन ओळी वाचतो आणि पान उलटतो. त्या दोन ओळींत त्याला तीन गोष्टी कळाल्या पाहिजेत. माझी पिशवी यातली आहे का, मी काय करायचं, कुठं जायचं. बैठक झाली ही त्याच्यासाठी बातमी नाहीच."

"आणि सतरा नावं?"

"शेवटी ठेवू. जागा उरली तर येतील."

"म्हणजे येणार नाहीत," गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी पेपरातून नावं कशी गळतात ते पाहिलेलं होतं. उपाध्यक्षांचं नाव गळालं की उपाध्यक्ष कसे वागतात, तेही.

त्यांनी वंदनाच्या हातातली नोट घेऊन पाचवा परिच्छेद परत वाचला. मग उठून ऑफिसात आले, वंदनाच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "लिही. मी बघतो."

वंदनानं नवी फाइल उघडली. पहिला मथळा तिनं लिहिला: 'सदोष बियाणे परत घेण्याचा कंपनीचा निर्णय'.

"सदोष कशात?" गुरुजींनी लगेच विचारलं. "कीड लागलीय? भेसळ आहे? सदोष म्हटलं की वाचणारा काहीही समजेल. दोष काय तो लिही, नाहीतर शब्द काढ."

बरोबर होतं. शिवाय 'कंपनीचा निर्णय' हेही परत कंपनीबद्दलच झालं. तिनं खोडलं. दुसरा लिहिला: 'सोयाबीन बियाण्याची उगवण कमी, पिशव्या बदलून मिळणार'. हा वाचून गुरुजी म्हणाले, "आता प्रत्येक जण आपली पिशवी घेऊन येईल."

"म्हणून लॉट क्रमांक मथळ्यातच टाकायचा," वंदना म्हणाली.

तिनं इतिवृत्ताची वही पुढ्यात ओढली. पेपरला जाणारा आकडा ठरावातल्यासारखाच असावा म्हणून तिनं तो ठरावातून उतरवला. मथळा झाला: 'लॉट क्र. २५१३ चे सोयाबीन बियाणे पेरू नका. पिशवी बदलून मिळेल'. त्याखाली पहिला परिच्छेद:

'पूर्णाकाठ शेतकरी उत्पादक कंपनीच्या लॉट क्र. २५१३ मधील सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती फेरचाचणीत ५४ टक्के आढळली असून, किमान ७० टक्के आवश्यक असल्याने शेतकऱ्यांनी हे बियाणे पेरू नये, असे कंपनीने कळवले आहे. लॉट क्रमांक पिशवीच्या तोंडाशी शिवलेल्या हिरवट लेबलवर आहे. पिशवी १५ जूनपर्यंत कंपनीच्या मंठा येथील गोदामात किंवा खरेदी केलेल्या दुकानात देऊन दुसरी पिशवी मोफत न्यावी. पिशवी फोडलेली असली तरी चालेल.'

खाली ऑफिसचा फोन नंबर. त्यानंतर बियाणं का बिघडलं ते दोन ओळींत, मग इतर लॉट पास झाल्याचं एक वाक्य, मग ठराव, आणि सगळ्यात शेवटी सतरा नावं.

एवढ्यात साहेबराव आले. गोदामातून बदलीच्या पिशव्या बघून आले होते, अंगावर धूळ होती. स्क्रीनवरचा मथळा वाचला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "हे कुणी लिहिलं?"

"आम्ही दोघांनी," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, 'पेरू नका' हे आपल्याच कंपनीच्या नावावर छापायचं? सहा वर्षं लागली लोकांना आपलं नाव पाठ व्हायला. एका दिवसात बाजार उठेल. त्या पाचव्या परिच्छेदात होतं ना सगळं. आपण काही लपवून न्हाई राह्यलो."

"लपवलं नाही, पण दिसतही नव्हतं," वंदना म्हणाली.

"चोपन्न तरी काढा. अपेक्षेपेक्षा कमी म्हणा."

"भाऊ," वंदना म्हणाली, "आकडा नसला तर लोक म्हणतील थोडं कमी असेल, दाणे जास्त टाकू. पेरून टाकतील. चोपन्न वाचल्यावर कुणी पेरणार नाही."

साहेबराव खुर्चीत बसले. पंख्याची हवा त्यांच्यापर्यंत येत नव्हती. त्यांनी टोपी काढली आणि टोपीनंच वारा घेतला. त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं होतं असं वंदनालाही वाटत नव्हतं. तीर्थपुरीचा दुकानदार उद्या सकाळीच फोन करून भांडणार, हे तिला माहीत होतं.

"खबरदारी म्हणून तरी घाला सुरुवातीला," साहेबराव म्हणाले. "'खबरदारीचा उपाय म्हणून' असं."

"उगवण चोपन्न आल्यावर खबरदारी कसली?" हे गुरुजी बोलले. साहेबरावांनी त्यांच्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. गुरुजी पुढे म्हणाले, "शब्द बरोबर आहेत. एकदा मोठ्यानं वाचून बघू, कानाला कसं लागतं ते."

कुठलाही मजकूर मोठ्यानं वाचून बघायची त्यांची जुनी सवय होती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचावं तसं वाचायला सुरुवात केली.

"लॉट क्रमांक पंचवीस तेराचे सोयाबीन बियाणे पेरू नका..."

ते थांबले.

"काय झालं?" वंदनानं विचारलं.

"आमच्या घरी सहा पिशव्या आहेत," गुरुजी म्हणाले. "ओसरीत ठेवल्यात. लेबल मी पाहिलेलंच नाही."

सकाळी बैठकीत ते दोन तास बसले होते. ठराव त्यांनी लिहिला होता, प्रेसनोट त्यांनी लिहिली होती. 'काही पिशव्या' असं लिहिताना त्या आपल्या ओसरीतल्या असतील हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता नुसत्या मथळ्यानं त्यांना विचारल्यासारखं झालं.

त्यांनी घरी फोन लावला आणि ऐकायला कमी येत होतं म्हणून स्पीकरवर टाकला. गिरिजाबाईंनी उचलला.

"अगं, ओसरीतल्या सोयाबीनच्या पिशवीवर एक हिरवा कागद शिवलाय. त्यावर लॉट नंबर असेल. वाचून दाखव बरं."

"आता? दळण काढून राह्यले मी."

"आत्ताच. एक एक आकडा वाच."

चपलांचा आवाज आला, पिशवी ओढल्याचा आवाज आला. मग गिरिजाबाई सावकाश म्हणाल्या, "दोन. पाच. तीन. एक."

"परत सांग."

"दोन, पाच, तीन, एक. सगळ्यांवर तेच आहे. काय झालं?"

"काही नाही. असू दे." गुरुजींनी फोन ठेवला आणि मोठा श्वास सोडला. "पंचवीस एकतीस. आपला नाही."

साहेबरावही हलकंसं हसले. वंदना मात्र हसली नाही. पंचवीस एकतीस हा आकडा तिनं आज पाहिला होता. नुसता यादीत नव्हे. त्याच्याभोवती काहीतरी लाल होतं. तिनं फाइलमधून शालूचा कागद काढला. लाल गोलात लिहिलं होतं: २५३१. उगवण ५४. अठरा ओळी वर २५१३ होता. त्याची उगवण ८२.

तिनं कागद टेबलावर मधोमध ठेवला. शेजारी इतिवृत्ताची वही. तिघांनीही दोन्हीकडे पाहिलं. वहीत, छापल्यासारख्या सुंदर अक्षरात, '२५१३' लिहिलेलं होतं.

गोदामात चाळणी यंत्र चालू होतं, त्याचा आवाज भिंतीतून येत होता.

"मी एकतीसच म्हणाले होते," वंदना शेवटी म्हणाली, आणि म्हणताना तिला तिची चूकही दिसली. रिपोर्ट हाताशी असताना तिनं आकडा वहीतून उतरवला होता. "मी पण ताळा केला नाही."

"तू एकतीस म्हणालीस," गुरुजी म्हणाले. "मी ऐकलं. हातानं तेरा लिहिलं." त्यांनी चष्मा काढला. "चांगलं बियाणं परत आलं असतं. आणि खराब पेरलं गेलं असतं. माझ्याच घरी."

उद्या सकाळी फोन लावायची यादीही याच ठरावावरून निघणार होती. कृषी अधिकाऱ्यांना जाणारं पत्रसुद्धा. पाचव्या परिच्छेदात आकडाच नव्हता, त्यामुळे तो कुणी तपासायचा प्रश्नच आला नव्हता. मथळ्यात आल्यावर पहिल्याच वाचनात तो कुणाच्या तरी घरात जाऊन थडकला.

वंदना शालूला घेऊन गोदामात गेली. नमुन्याची पिशवी, चाचणीची नोंदवही आणि शिल्लक लेबलांचा गठ्ठा, तिन्हीकडे २५३१ बघितलं. विक्रीच्या नोंदीत २५३१ च्या तीनशे चाळीस पिशव्या गेल्याचंही बघितलं. परत आली तेव्हा साडेचार झाले होते. तिनं मथळ्यातला आणि परिच्छेदातला आकडा बदलला, आणि दोन्ही ठिकाणचा आकडा शालूला रिपोर्टवरून मोठ्यानं वाचायला लावला.

साहेबरावांनी आता काही दुरुस्ती सुचवली नाही. फक्त म्हणाले, "इतर लॉट पास झाले ते वाक्य वर घेता येईल का? पहिल्या परिच्छेदाच्या लगेच खाली?"

वंदनानं विचार केला. वाचणाऱ्यालाही ते हवंच होतं. आपली पिशवी यातली नसेल तर निर्धास्त व्हायला. "येईल," ती म्हणाली आणि बियाणं बिघडण्याच्या कारणाच्या वर ते वाक्य नेलं. साहेबराव चोपन्नबद्दल परत बोलले नाहीत.

पाच वाजता तिनं ग्रुपवरची जुनी नोट काढून टाकली, 'सुधारित, कृपया हीच वापरावी' असं वर लिहून नवी टाकली आणि प्रत्येक वार्ताहराला वेगळा फोन केला. हरिओमनं वाचून एकच शब्द म्हटला, "बराबर." मग त्यानं विचारलं, "आकडा पक्का ना?"

"पक्का," वंदना म्हणाली.

गुरुजी घरी गेले नव्हते. ते वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. ठरावातला आकडा त्यांनी एका रेघेनं खोडला, वर २५३१ लिहिलं, बाजूला सही केली आणि वही साहेबरावांपुढे सहीसाठी सरकवली. त्याखाली त्यांनी एक ओळही लिहिली होती: 'मूळ नोंदीतील क्रमांक लिहिताना माझ्याकडून चुकला होता.'

"ही ओळ कशाला गुरुजी?" साहेबराव म्हणाले. "सही पुरते. उद्या कुणी वही काढली तर तुमचंच नाव दिसेल."

"दिसू दे."

साहेबरावांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी हरिओमच्या पेपरात बातमी दोन कॉलमात आली. डेस्कनं मथळा आखूड केला होता: 'लॉट २५३१ चे सोयाबीन पेरू नका'. पहिला परिच्छेद जसाच्या तसा होता, खाली फोन नंबर होता, इतर लॉट पास असल्याचं वाक्य होतं. त्यापुढचं सगळं कापलं गेलं होतं. सतरापैकी एकही नाव आलं नाही. दुसऱ्या एका पेपरनं वंदनाचा फोन होऊनही जुनीच नोट वापरली: बैठक उत्साहात संपन्न, सोबत साहेबरावांचा फोटो. ती बातमी वाचून एकही फोन आला नाही.

पहिल्या बातमीवर सकाळी सातपासून फोन सुरू झाले. पहिला तीर्थपुरीच्या दुकानदाराचा होता. तो पंधरा मिनिटं बोलला आणि त्याचा सूर चांगला नव्हता. पण अकराच्या सुमारास त्याचाच परत फोन आला: नऊ पिशव्या आल्यात, बदली कधी पाठवता? एका माणसानं कटिंगच्या दुकानात बातमी वाचून तिथूनच घरी फोन लावला होता आणि लेबल बघायला सांगितलं होतं. एक बाई दोन पिशव्या स्कूटीवर पुढ्यात घेऊन बारा किलोमीटरवरून आली. काही लोक दुसऱ्याच लॉटच्या पिशव्या घेऊन आले. वंदनानं लेबल दाखवलं, समजावलं. ज्यांचं समाधान झालं नाही त्यांना बदलून दिलं. अशा नव्वदेक चांगल्या पिशव्या परत आल्या. त्या मोसमात कंपनीची विक्री मागच्या वर्षीपेक्षा कमीच झाली. उपाध्यक्ष पुढच्या दोन बैठकांना आले नाहीत.

१५ जूनपर्यंत तीनशे चाळीसपैकी तीनशे बावीस पिशव्या आल्या. गुरुजींच्या सहा त्यात होत्या. मुलानं ट्रॅक्टरवर टाकून आणल्या. राहिलेल्या अठरापैकी अकरा फोनवर सापडल्या, त्या बदलून झाल्या. सात पिशव्यांचा पत्ता लागला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकासाहेब नावाचा एक शेतकरी ऑफिसात आला. तो तीर्थपुरीच्या पलीकडचा होता. त्याच्या हातात हिरवट लेबल होतं. त्यानं त्या सातपैकी तीन पिशव्या पेरल्या होत्या.

वंदना त्याच्या शेतावर निघाली तेव्हा गुरुजी म्हणाले, "मी येतो." तिनं कारण विचारलं नाही. दोघं कंपनीच्या गाडीतून गेले. शेतात ओळी विरळ होत्या. हातभर जागेत एखादं रोप, कुठे तेही नाही. वंदनानं पाच ठिकाणी टेप लावून रोपं मोजली. गुरुजी वहीत लिहीत होते. ती आकडा सांगायची, ते लिहायचे आणि लिहिलेला आकडा परत मोठ्यानं म्हणून दाखवायचे.

"पेपरात आल्तं म्हणे," काकासाहेब म्हणाला.

"आलं होतं," वंदना म्हणाली.

"मी तवा लेकीकडं गेल्तो पुण्याला. घरी पेपर येत न्हाई." तो रागानं बोलत नव्हता. बांधावर बसून तंबाखू मळत होता. "आता काय करावं?"

सोयाबीन मोडून परत पेरायला उशीर झाला नव्हता, पण फार दिवसही उरले नव्हते. वंदनानं दोन्ही वाटा सांगितल्या: सगळं मोडायचं, किंवा मोकळ्या जागी तूर टोकायची. जे बियाणं लागेल ते कंपनी देईल आणि मजुरीही देईल, हे साहेबरावांनी निघतानाच सांगितलं होतं. काकासाहेबानं शेतावरून नजर फिरवली.

"मोडत न्हाई," तो म्हणाला. "उगवलं ते राहू द्या. मधी तूर टोकतो. उद्या आणून देता?"

"आणलीय," गुरुजी म्हणाले, आणि गाडीतून तुरीची पिशवी काढायला गेले.

पिशवी उतरवल्यावर काकासाहेबानं ती शेडमध्ये नेण्याआधी आडवी करून लेबल शोधलं. त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. गुरुजींनी वाकून त्याला लॉट क्रमांक वाचून दाखवला, वंदनानं उगवण किती आली ते सांगितलं. मग तो पिशवीचं एक टोक धरून उभा राहिला. दुसरं टोक गुरुजींनी धरलं.